लघवीतले जंतू आणि शांतम्माचा डोळा

देवणीच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या मागच्या गाळ्यात वीरभद्रची लॅब आहे. शटर अर्धं वर, अर्धं खाली. आत एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, आणि कोपऱ्यात ती पेटी जिच्या जोरावर वीरभद्र तालुक्यात मिरवतो. बाहेरून ती जुन्या फ्रिजसारखी दिसते, पण काम उलटं करते. गार ठेवत नाही, ऊब देते. लघवीचा थेंब थाळीवर ओढायचा, थाळी पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघायची. जंतू असले तर थाळीवर गुलाबी ठिपके उगवलेले असतात, बाजरी सांडल्यासारखे. इतर लॅबवाले असले नमुने उदगीरला नाहीतर लातूरला धाडतात. वीरभद्र जंतू स्वतः वाढवून बघतो.

वय सेहेचाळीस. अंगानं आडवा, बोलण्यात गोड, कपाळाला विभूतीची तीन बोटं. लोक त्याला वीरभद्रप्पा म्हणतात. त्याची एक रीत होती. रिपोर्टात सगळं नीट असलं की निळ्या शाईनं लिहायचं, आणि काही वावगं दिसलं की लाल. गावातल्या लोकांना आकडे वाचता येत नसले तरी लाल कळायचं. दुसरी रीत अशी, की म्हातारी माणसं साखर तपासायला आली की तो त्यांची लघवीही बघायचा, फुकट. "रगत काढलंच हाय मावशी, तर ह्याच्यात बी जरा करून आणा," म्हणून डबी हातात द्यायचा. कुणी डॉक्टरनं सांगितलेलं नसायचं. पण लोक खूश व्हायचे. वीरभद्रप्पा जास्तीचं बघतो, असं त्याचं नाव झालं होतं. नाव झालं की माणूस त्या नावाला जागतो, तसा तो जागायचा.

त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली. वाढवलं ते मावशीनं, शांतम्मानं. तिला तो अव्वा म्हणतो. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं, त्यात आईला अव्वाच म्हणतात. शांतम्माला स्वतःचं लेकरू नव्हतं, नवरा लवकर गेलेला. दूध विकून तिनं वीरभद्रला लातूरला ठेवलं, लॅबचा कोर्स करवला. पहिला सूक्ष्मदर्शक घेतला तेव्हा तिनं एक कालवड विकली होती, आणि आपली कालवड नेमकी कशात घातली ते बघायला म्हणून एक दिवस ती लॅबमध्ये आली. डोळा लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्यात निसतं धुकं हाय रं." वीरभद्र हसला. तिचा डावा डोळा लहानपणी ज्वारीचं धाट लागून पांढरा झालेला. सगळी भिस्त उजव्यावर.

त्या उजव्या डोळ्यात तिच्या शहात्तराव्या वर्षी मोतीबिंदू आला. दूध काढताना धार बाहेर जायला लागली. भाकरीची कड कुठं संपते ते दिसेना. मार्गशीर्षात देवणीला डोळ्यांचं शिबिर भरलं. तपासणारे म्हणाले, "आजी, मोतीबिंदू पिकत आलाय. लातूरला घेऊन जातो, ऑपरेशन करून आणतो. एकच डोळा हाय, उशीर करू नका." सोबत चिठ्ठी दिली. तीत रक्तातली साखर आणि बीपी, एवढंच लिहिलेलं होतं.

वीरभद्रनं साखर केली. बरोबर आली. बीपी बरोबर. आणि मग त्यानं अव्वाच्या हातात डबी दिली.

"हे कशाला?"

"असंच. ऑपरेशन हाय, सगळं बघून घ्यावं."

"डोळा फाडलाले का मूत फाडलाले?" अव्वा म्हणाली.

उज्वला, त्याची बायको, दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसली. "आत्याबाई, करून द्या. त्यांला त्या पेटीत काय तरी उबवल्याबिगर झोप येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी थाळी गुलाबी झाली. एक लाखाच्या वर जंतू. वीरभद्रनं लाल शाई घेतली.

त्याचं मन वाईट नव्हतं. उलट, त्याला वाटलं आपण अव्वाला वाचवलं. डोळ्याच्या ऑपरेशनात जंतू गेला तर डोळा जातो हे त्यानं ऐकलं होतं, आणि ते खोटं नाही. पण लघवीतला जंतू डोळ्यात चढतो हे त्याचं त्यानंच जुळवलं. रिपोर्ट त्यानं शिबिराच्या कागदांना टाचला. लातूरच्या बसमध्ये चढायच्या आधी कागद बघणारा पोरसवदा डॉक्टर ती लाल ओळ बघून थांबला. त्यालाही जोखीम नको होती. त्यानं कडेला लिहिलं: आधी लघवीच्या इन्फेक्शनचे उपचार, मग पुढच्या बॅचला.

अव्वा बसच्या पायरीवरून खाली उतरली. "मला काय झालंय?"

"जंतू हायत अव्वा. गोळ्या घेऊ, पाच दिवसांची गोष्ट हाय."

"मला तर काय होईना."

"आतून असतंय ते. कळत न्हाई."

औषध दुकानवाला उमाशंकर वीरभद्रचा दोस्त. त्यानं रिपोर्ट वाचला, गोळ्यांची पट्टी काढून दिली. अव्वानं पाच दिवस गोळ्या घेतल्या. वीरभद्रनं पुन्हा डबी दिली. या खेपेला थाळी कोरी निघाली. तो एवढा खूश झाला की दुकानात पेढे घेऊन गेला. पण पुढची बॅच महिनाभरानं, माघात होती, आणि जायच्या आधी ताजा रिपोर्ट असावा म्हणून त्यानं परत तपासलं. थाळी परत गुलाबी.

अशा थाळीवर औषधाच्या टिकल्या ठेवतात. ज्या औषधानं जंतू मरतो त्या टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. पहिल्या वेळी सहा टिकल्यांभोवती रिंगणं होती. आता चार राहिली होती. वीरभद्रला ते दिसलं. जंतू चिवट हाय, एवढंच तो म्हणाला, आणि उमाशंकरकडून दुसरी, भारी गोळी आणली.

त्या गोळ्यांनी अव्वाला हगवण लागली. आठ दिवस ती उठू-बसू शकली नाही. माघातली बॅच गेली. फाल्गुनातल्या बॅचला ती हिंडू-फिरू लागली होती, जेवत होती, फक्त भिंत धरून चालत होती, कारण आता दाराची चौकट दोन दिसायची. तरी वीरभद्रनं थाळी लावलीच. ठिपके होतेच. रिंगणं दोन.

"आवो, त्यांला विचारा तरी काय होतंय का," उज्वला म्हणाली. "जळजळ म्हणत न्हाईत, ताप न्हाई. रातीला उठतात ते मागल्या धा वर्षांपून एकदाच. पुनमला मागं झालं होतं तवा कसं लोळत होती, आठवतंय का? मिनिटामिनिटाला पळायची, रडायची, ठिबठिब करून जळायचं म्हणायची. दोन दिवसात गोळीनं उतरलं. तसं काय आत्याबाईंचं हाय का?" पुनम त्यांची लग्न झालेली लेक.

"तू थाळी बघ, मग बोल," वीरभद्र म्हणाला.

"थाळी कशाला बघू, माणूस समोर बसलंय."

"लघवीला वास बी मारतो तिच्या."

"ह्या उन्हात दोन तांबे पाणी पिऊन दिवस काढल्यावर तुमच्या बी मारंल."

उज्वला सातवी शिकलेली. वीरभद्रनं तिचं बोलणं बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिलं. त्यानं शिबिरवाल्यांना फोन करून सांगितलं, "साहेब, अजून क्लिअर न्हाई झालं. क्लिअर झाल्यावरच आणतो." तिकडून उत्तर आलं, उन्हाळ्यात बॅच नाहीत, आषाढात बघू. ते ऐकून त्याला हायसं वाटलं. वेळ मिळाला, तोवर जंतू संपवू.

वैशाखात एका सकाळी अव्वा उठली ती डोकं धरून. उजव्या बाजूचं कपाळ फुटतंय म्हणाली. मग उलटी. उजवा डोळा लाल, त्यातून पाणी. दुपारपर्यंत ती असंबद्ध बोलायला लागली, मेलेल्या म्हशीला हाका मारायला लागली.

इथं वीरभद्रच्या आयुष्यातली ती चूक आहे जी तो आजही मोजून सांगतो, दिवस आणि तासांसकट. त्यानं तिचा डोळा बघितला नाही. म्हणजे बघितला, लाल आहे हे दिसलं, पण ऊन लागलंय, उलट्यांनी ताणलाय असं म्हणून सोडलं. उलटी, डोकं, बडबड, हे सगळं त्याच्या मनात आधीच एका खुंटीला टांगलेलं होतं. जंतू रक्तात गेला. त्यानं परत डबी घेतली. उज्वलानं अव्वाला धरून बसवलं, नमुना घेतला. थाळी पेटीत ठेवली. उमाशंकरच्या ओळखीच्या कंपाउंडरला बोलावून सुई चालू केली. एक दिवस थाळी उगवण्याची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी ठिपके बघून त्यानं मान हलवली, "बघ, मी म्हणलो न्हवतो?" आणि सुई वाढवली.

तिसऱ्या दिवशी अव्वा म्हणाली, "वीरू, दिवस मावळला का?"

सकाळचे दहा वाजले होते.

गाडी करून ते लातूरला पोचले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारली, डोळ्यातला दाब मोजला. पिकलेला मोतीबिंदू फुगला होता. आतल्या पाण्याची वाट बुजली आणि दाब चढला. अशा वेळी डोळ्याची नस तासातासाला दबते. त्यांनी दाब उतरवायची औषधं चढवली, म्हणाले, उतरला की उद्या-परवा मोतीबिंदू काढू. त्याआधी म्हातारीला फिजिशियनला दाखवून घ्या.

त्या फिजिशियन म्हणजे डॉक्टर सरोजिनी. केस पांढरे, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. दाब आणि दुखणं उतरल्यामुळं अव्वा आता शुद्धीवर होती, नीट बोलत होती. वीरभद्रनं पिशवीतून रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले. पाच कागद, एक सोडून सगळ्यांवर लाल.

"मॅडम, ऑपरेशनच्या आधी हे क्लिअर करावं लागंल. कल्चर अजून पॉझिटिव्ह हाय. आता तर एकच औषध लागू पडलालंय."

त्यांनी कागद वाचले. मग बाजूला सारले आणि खुर्ची अव्वाकडं वळवली.

"आजी, लघवी करताना आग होते?"

"न्हाई."

"आधीपेक्षा जास्त वेळा जावं लागतं? थांबवत नाही असं?"

"म्हातारपण हाय बाई. पण न्हाई, हाय तेवढंच हाय."

"थंडी वाजून ताप? कमरेच्या वर, बरगडीखाली दुखणं? लघवीत रक्त?"

"काय बी न्हाई. मला कुणी हे इचारलंच न्हाई."

"मग औषध कशाचं घेत होता?"

अव्वानं वीरभद्रच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "ह्यालाच माहीत. हा म्हणायचा आतून असतंय."

डॉक्टरांनी वीरभद्रला विचारलं, "पहिलं कल्चर कुणी सांगितलं?"

"मीच केलं, मॅडम. माझी लॅब हाय."

"का?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लोक उपकार मानायचे.

"हे बघा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "या वयाच्या शंभर बायांची लघवी तपासली तर पंधरा-वीस जणींच्या थाळीवर असंच उगवतं. त्या जेवतात, खातात, कामं करतात. जंतू राहतात, त्रास देत नाहीत. त्याला आम्ही रोग म्हणत नाही आणि औषध देत नाही. दिलं तरी थोड्या दिवसांत परत येतात, फक्त जास्त चिवट होऊन. तुमच्या टिकल्यांनी ते तुम्हाला दाखवलंच की."

"पण पू पेशी बी होत्या."

"त्याही असतात. तेवढ्यावरून ठरत नाही. गरोदर बाई असती तर त्रास नसतानाही मी तपासलं असतं आणि औषध दिलं असतं, तिथं धोका आहे. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ऑपरेशन असतं तरी दिलं असतं. डोळ्याच्या ऑपरेशनचा याच्याशी काही संबंध नाही."

"आणि ती बडबडायला लागली ते?"

"ताप मोजला होता?"

"नव्हता ताप."

"मग तुम्ही बाकी काही शोधायला हवं होतं. म्हातारं माणूस बरळलं की सगळे लघवीकडं धावतात. दुखणं असतं, पाणी कमी पडलेलं असतं, पोट साफ नसतं, कधी औषधच नडलेलं असतं. इथं तर डोळा लाल होता."

वीरभद्र कागद परत पिशवीत भरायला लागला. एक कागद खाली पडला तो उज्वलानं उचलला. ती तेव्हा बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो आता म्हणतो.

"ऑपरेशन उद्या करायला माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सुई बंद करा."

दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू निघाला. लघवीत तेच जंतू तसेच होते आणि त्यांच्याकडं ढुंकूनही कुणी बघितलं नाही. काही झालं नाही. जखम स्वच्छ, टाका नाही, पू नाही. पट्टी सोडून डॉक्टरांनी बोटं धरली, किती म्हणून विचारलं. अव्वा म्हणाली, "हात हलवलालाव का? वारं लागलं." मग बॅटरी मारली. "हा, उजेड कळतंय." तेवढंच राहिलं. मार्गशीर्षात काढला असता तर नजर राहिली असती, डॉक्टर म्हणाले.

देवणीला परत आल्यावर वीरभद्रनं चार दिवस शटर उघडलं नाही. उघडलं तेव्हा पहिलंच गिऱ्हाईक तळेगावचं निघालं, आईला घेऊन आलेला मुलगा. "अप्पा, साखर करा. आन तुमी करता तसं लघवी बी बघा." वीरभद्रनं म्हातारीला विचारलं, जळजळ होते का, ताप येतो का, कुठं दुखतं का. ती म्हणाली न्हाई बाबा. "मग न्हाई करत," तो म्हणाला. मुलगा रागावला. "फुकट करायचं जिवावर आलं व्हय आता?" तो म्हातारीला घेऊन दुसऱ्या लॅबकडं गेला. वीरभद्रला त्याच्या मागं जाऊन सांगावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे अव्वाचं सांगावं लागलं असतं. तो बसून राहिला.

तसले पुष्कळ येतात. काहींना तो समजावतो, काही ऐकतात. जळजळ घेऊन, कळा घेऊन, हुडहुडी भरून आलेली बाई असली की तो आधी तिला डॉक्टरकडं धाडतो आणि चिठ्ठी आल्यावर लगेच थाळी लावतो. उमाशंकरला त्यानं सांगून ठेवलंय, माझ्या रिपोर्टावर गोळी देऊ नको. उमाशंकर हसतो. "तुझ्या रिपोर्टावर न्हाई दिली, तर दुसऱ्याच्या रिपोर्टावर देतो." आणि देतोही.

अव्वाला मात्र त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. लातूरच्या खोलीत ती समोर बसलेली होती, सगळं तिच्या कानावर पडलं होतं, पण दुखण्यातून उठलेलं माणूस, शिकलेल्या बाईंची भाषा, तिला कितपत कळलं असेल याचा त्याला अंदाज नव्हता. तिला वाटतं वय झालं म्हणून डोळा गेला, असं धरून तो चालत होता. श्रावणात एका सोमवारी तो तिला जेवायला वाढत होता. ताटात कुठं काय आहे ते तिचं बोट धरून दाखवत होता. इथं भाजी, इथं वरण.

"वीरू," ती म्हणाली, "माझा डोळा त्या मुतापायी गेला का रं?"

त्याचा हात तिच्या बोटावर तसाच राहिला. स्वयंपाकघरात उज्वला भाकरी थापत होती.

नाही म्हणता आलं असतं. वय, नशीब, उन्हाळ्यात बॅच नाहीत, त्या पोरसवद्या डॉक्टरनं बसमधून उतरवलं. सगळी कारणं खरी होती, आणि सगळ्यांच्या मागं त्याची डबी होती.

"हाव, अव्वा," तो म्हणाला. "मी ते केलं नसतं तर तू मार्गशीर्षातच जाऊन आली असतीस."

"मी सांगत होते की मला काय होईना."

"हाव."

"तीनदा सांगितलं."

"हाव."

तिनं बोट सोडवून घेतलं. चाचपत भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवायला गेली, ताटाबाहेर बुडवला. वीरभद्रनं हात पुढं केला. तिनं तो बाजूला केला. "उज्वलाला बोलीव," म्हणाली. उज्वला पिठाचे हात पुसत आली, शेजारी बसली, तिला भरवलं. वीरभद्र उभाच होता. त्या दिवशी ती त्याच्याशी परत बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या सकाळी तो लॅबला निघाला तेव्हा ती बाजेवरून म्हणाली, "कोण हाय? वीरू का?"

"हाव."

"मला अंगणात बसव. आत समदं सारखंच हाय. भाईर निदान उजेड कळतंय."

त्यानं तिला धरून बाहेर नेलं. ढग होते. तिनं तोंड वर करून थोडा वेळ बघितलं, मग मान फिरवून दुसरीकडं. "कुठं हाय उजेड?"

"आज ढग हायत, अव्वा."

"मग बस. ढग सरल्यावर सांग."

तो तिच्याशेजारी ओट्यावर बसला. त्या दिवशी लॅब दुपारी उघडली.